एकच फॉर्म्युला, तरी दर वेळी वेगळा रंग: रंगनोंद कार्डावरून चूक कशी शोधावी

"मागच्या वेळी जो लावला होता तोच रंग लावा," असे सांगून ग्राहक बाई खुर्चीत बसतात. आपण कार्ड काढतो, त्यावर लिहिलेल्या क्रमांकांच्या ट्यूब घेतो, तोच डेव्हलपर ओततो, तितकीच मिनिटे ठेवतो, आणि केस वाळल्यावर दिसते की रंग मागच्यासारखा आलेलाच नाही. कधी मुळाशी लालसर झाक येते, कधी कपाळाजवळचे पांढरे केस पंधरा दिवसांत पुन्हा डोकावतात, तर कधी टोके काळपट पडतात. अशा वेळी पार्लरमध्ये पहिला संशय ट्यूबवर जातो आणि पुढच्या खेपेला शेड बदलली जाते. माझ्या अनुभवात शेड बदलणे हा बहुतेक वेळा चुकीचा उपाय असतो, कारण चूक फॉर्म्युल्यात नसून कार्डावर जे लिहिलेच गेले नाही त्यात असते.

मी सांगलीत गेली अनेक वर्षे पार्लर चालवते आणि पहिल्या दिवसापासून कार्डे ठेवते. तरीही ही तक्रार आमच्याकडे वारंवार येत असे. कार्ड ठेवणे आणि उपयोगी पडेल असे कार्ड ठेवणे यांतील फरक मला एका ग्राहकाच्या केसांनी शिकवला. तो प्रसंग येथे तपशिलाने मांडते, कारण चूक शोधण्याची पद्धत त्यातूनच बांधली गेली.

ज्या कार्डावर काहीच चुकीचे नव्हते

त्या बाई शिक्षिका आहेत आणि वय पन्नाशीच्या पुढचे आहे. त्यांच्या केसांची नैसर्गिक पातळी ३, म्हणजे गडद तपकिरी. कपाळाची कड आणि दोन्ही कानशिले येथे पांढरे केस साधारण सत्तर टक्के, तर मानेकडच्या भागात जेमतेम पंचवीस टक्के. दर पाच आठवड्यांनी त्या मुळांचा रंग लावून घेण्यासाठी येत. त्यांच्या कार्डावर प्रत्येक भेटीसमोर एकसारखीच ओळ होती: "४.० + ५.३, २० व्हॉल्यूम, ३५ मिनिटे, छान." सहा भेटींच्या सहा ओळी एकमेकींच्या नकला वाटाव्यात अशा होत्या.

परंतु बाईंची तक्रार वेगळेच सांगत होती. काही वेळा रंग पाच आठवडे उत्तम टिकत असे. काही वेळा मात्र पुढचे केस दुसऱ्याच आठवड्यात पिवळट तपकिरी आणि पातळ दिसू लागत, आणि मधले गडद केस तेवढ्यापुरते लालसर होत. शिवाय केसांची लांबी आणि टोके भेटीगणिक काळी पडत चालली होती. एकाच डोक्यावर मुळाशी रंग कमी आणि टोकांना जास्त, अशा दोन परस्परविरुद्ध तक्रारी होत्या, आणि कार्ड दोन्हींबद्दल गप्प होते.

येथेच थांबून हे ओळखणे महत्त्वाचे आहे की ज्या कार्डावरील चांगली भेट आणि वाईट भेट शब्दशः सारखी दिसते, त्या कार्डात नोंद अपुरी आहे. परिणाम बदलला याचा अर्थ कृतीत काहीतरी बदलले होते, आणि जे बदलले त्यासाठी कार्डावर रकाना नव्हता. म्हणून आम्ही शेड बदलली नाही. पुढच्या दोन भेटींत फॉर्म्युला तोच ठेवला आणि फक्त नोंद बारकाईने केली.

पहिला शोध: पस्तीस मिनिटे, पण कुठून मोजलेली?

कार्डावरील "३५ मिनिटे" या एका आकड्याच्या जागी आम्ही घड्याळातील तीन वेळा लिहू लागलो: रंग लावायला सुरुवात केव्हा केली, लावून केव्हा संपला आणि धुवायला केव्हा घेतले. त्यासोबत लावण्याची सुरुवात डोक्याच्या कोणत्या भागापासून केली, हेही लिहिले.

पुढच्याच भेटीत उत्तर सापडले. त्या दिवशी रंग लावणाऱ्या मुलीने १०.४० ला मानेकडून सुरुवात केली, वर सरकत सरकत शेवटी कपाळाशी आली आणि ११.०२ ला काम संपवले. तिने टायमर लावला होता तो १०.४० ला. त्यामुळे ११.१५ ला ती धुवायला घेऊन गेली, आणि तिच्या हिशेबाने पस्तीस मिनिटे अगदी बरोबर भरली होती. प्रत्यक्षात मानेकडच्या केसांना पस्तीस मिनिटे मिळाली, पण कपाळाच्या कडेला सर्वांत शेवटी रंग लागला असल्यामुळे तिथे तेरा-चौदा मिनिटेच मिळाली. सर्वांत जास्त पांढरे आणि सर्वांत राठ केस जिथे होते, तिथेच सर्वांत कमी वेळ मिळाला होता.

दुसरी मुलगी कपाळापासून सुरुवात करत असे आणि लावून संपल्यावर टायमर लावत असे. तिच्या हातचा रंग टिकत होता. दोघी कार्डावर प्रामाणिकपणे "३५ मिनिटे" लिहीत होत्या आणि दोघींचे म्हणणे आपापल्या जागी खरे होते.

वेळ कमी पडल्यावर रंग नुसता फिका न येता लालसर किंवा पिवळट का येतो, हे समजून घेतले की ही चूक पुन्हा डोळ्यांसमोर आली तर लगेच ओळखता येते. कायमस्वरूपी रंगात दोन गोष्टी घडतात. अल्कलीमुळे केसाचे बाहेरचे आवरण उघडते आणि पेरॉक्साइड केसातील मूळ रंगद्रव्य थोडे उजळवते. त्याचबरोबर रंगाचे लहान रेणू आत शिरून पेरॉक्साइडच्या साहाय्याने एकमेकांशी जोडले जातात आणि मोठे होऊन आत अडकून बसतात. ही जोडणी पूर्ण व्हायला वेळ लागतो. अर्ध्यावर धुतले तर गडद केस उजळून त्यांच्या पोटातली लाल झाक उघडी पडलेली असते, पण ती झाकणारा रंग अजून पुरता तयार झालेला नसतो. पांढऱ्या केसांत जे थोडे रंगद्रव्य बसलेले असते तेही पाच-सहा वेळा डोके धुतल्यावर निघून जाते. म्हणून पुढचे केस लालसर-पिवळट आणि मागचे केस ठीक असे चित्र दिसले, तर शेडकडे जाण्याआधी वेळेचे तीन आकडे पाहावेत.

आमचा उपाय साधा होता. या बाईंसाठी दोघींनी मिळून कपाळ आणि कानशिलांपासून सुरुवात करायची, दहा मिनिटांत लावून संपवायचे आणि संपल्यापासून पस्तीस मिनिटे मोजायची. त्यामुळे पुढच्या केसांना सुमारे पंचेचाळीस आणि मागच्यांना पस्तीस मिनिटे मिळतात. पांढऱ्या केसांसाठी आमच्या रंगाच्या माहितीपत्रकात जास्तीत जास्त पंचेचाळीस मिनिटेच दिली आहेत, म्हणून त्यापुढे आम्ही जात नाही. आपापल्या रंगाच्या पत्रकात वेळ कुठून मोजायची आणि किती, हे वाचूनच कार्डाच्या माथ्यावर लिहून ठेवावे.

दुसरा शोध: डेव्हलपरची ताकद लिहिली, माप लिहिले नाही

कार्डावर "२० व्हॉल्यूम" असे होते, म्हणजे सहा टक्के पेरॉक्साइड. हे बरोबर होते, पण ते किती ओतले याचा उल्लेख नव्हता. आम्ही जो रंग वापरतो त्याचे प्रमाण एकास दीड आहे, म्हणजे ४० ग्रॅम रंगाला ६० ग्रॅम डेव्हलपर. काही कंपन्यांच्या रंगांना एकास एक लागते, काहींच्या अगदी फिक्या शेड्सना एकास दोन. ज्या पार्लरमध्ये दोन-तीन कंपन्यांचे रंग असतात तिथे कंपनी आणि त्या रंगाच्या मालिकेचे नाव लिहिल्याशिवाय नुसत्या क्रमांकाला अर्थ राहत नाही. बिंदूनंतरचे आकडेही सर्वत्र सारखे नसतात. एका कंपनीत .४ म्हणजे तांबूस, तर दुसऱ्या कंपनीत तोच आकडा लालसाठी असतो.

मी एक दिवस मुलींना नेहमीप्रमाणे अंदाजाने मिश्रण करायला सांगितले, आणि बाऊल मात्र वजनकाट्यावर ठेवला. रंग ४० ग्रॅम झाला होता. डेव्हलपर साठऐवजी ७८ ग्रॅम पडला, म्हणजे मिश्रण जवळजवळ एकास दोन झाले. इतके पातळ मिश्रण हाताला छान वाटते, ब्रशवरून भराभर पसरते आणि पुरवठ्याला येते, म्हणून नकळत हात तिकडेच झुकतो. परंतु त्यात प्रत्येक केसाला मिळणारे रंगद्रव्य कमी होते आणि पांढऱ्या केसांवर ते पारदर्शक दिसते. लावताना मिश्रण कानशिलांवरून ओघळू लागले किंवा केसांवर जाडसर न बसता चकाकणारा पातळ थर दिसला, तर माप चुकले आहे असे समजावे.

तेव्हापासून आमच्याकडे बाऊल काट्यावर ठेवूनच मिश्रण होते. दागिने किंवा मसाले तोलण्यासाठी मिळतो तसा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. डेव्हलपरही आम्ही मिलिलिटरऐवजी ग्रॅममध्येच मोजतो, म्हणजे भांडी बदलावी लागत नाहीत. आणखी एक सवय फार उपयोगी ठरली. रंग लावून संपल्यावर बाऊल पुन्हा काट्यावर ठेवायचा आणि उरलेले वजन कार्डावर लिहायचे. या बाईंच्या १०० ग्रॅम मिश्रणातून बहुतेक वेळा वीस-बावीस ग्रॅम उरते. एखाद्या दिवशी चाळीस उरले, तर रंग पुरेसा जाड लागला नाही, हे धुण्याआधीच कळते आणि पुढच्या कडेवर आणखी एक हात फिरवता येतो.

डेव्हलपरच्या बाटलीबद्दल एक गोष्ट. झाकण सैल राहिले किंवा बाटली उन्हाच्या झळेत राहिली, तर पेरॉक्साइड हळूहळू ताकद गमावते. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे हा प्रश्न खरोखर येतो. म्हणून बाटली उघडल्याची तारीख बाटलीवरच लिहावी. एकाच आठवड्यात तीन वेगवेगळ्या ग्राहकांच्या कार्डांवर "पांढरे नीट झाकले नाहीत" असा शेरा आला, तर दोष त्या तिघींच्या केसांत नसून त्यांच्या समाईक बाटलीत असण्याची शक्यता मोठी असते. हे फक्त कार्डे शेजारी शेजारी ठेवूनच दिसते.

तिसरा शोध: टोके काळी का पडत गेली

कार्डावर रंग कुठे लावला हे लिहिलेलेच नव्हते. "मुळांचा रंग" असे म्हणत असलो तरी बाऊलमध्ये उरलेले मिश्रण शेवटच्या दहा मिनिटांत कंगव्याने लांबीवर ओढण्याची आमची पद्धत होती. ग्राहकांना तेच आवडते, कारण त्या दिवशी सगळे केस चमकदार आणि एकसारखे दिसतात. परंतु त्या केसांत आधीचा रंग बसलेलाच असतो. दर पाच आठवड्यांनी त्यावर नवा थर चढतो, आणि जुने, सच्छिद्र झालेले टोक रंग अधिक शोषून घेते. सहा भेटींनंतर या बाईंची मुळे चौथ्या पातळीवर होती, तर टोके तिसऱ्याच्याही खाली गेली होती.

येथे एक मोह होतो, आणि त्यातूनच प्रकरण हाताबाहेर जाते. टोके गडद झाली म्हणून एक-दोन पातळ्या फिकी शेड घेऊन ती ३० व्हॉल्यूमबरोबर संपूर्ण केसांवर लावली जाते. पण लावलेल्या रंगाला दुसरा रंग उजळवू शकत नाही. परिणामी टोके जवळपास तशीच राहतात आणि मुळाशी असलेले न रंगवलेले केस मात्र टाळूच्या उष्णतेने भराभर उजळून नारिंगी होतात. त्या एका दिवशी दोन दोष मिळून तीन होतात.

आम्ही टोकांना हात लावणे थांबवले. कार्डावर डोक्याची एक साधी आकृती छापून घेतली आणि प्रत्येक भेटीला रंग जिथे लागला तो भाग पेन्सिलीने छायांकित करू लागलो. लांबी खरोखर फिकी पडली असेल तेव्हाच, आणि तीही अमोनिया नसलेल्या, न उजळवणाऱ्या रंगाने १० व्हॉल्यूमच्या आत ताजी करायची, असे ठरले. जुना काळपटपणा एका फटक्यात काढला नाही. बाईंना मी स्पष्ट सांगितले, "ताई, हे टोकांचे केस कापत-कापतच जातील, मी त्यांना उजळवायला गेले तर ते कोरडे होऊन तुटतील." त्यांनी मान्य केले. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे ते पूर्ण निघून जायला वेळ लागला, पण दरम्यान नवी भर पडली नाही.

"छान" हा शेरा कार्डावर नको

जुन्या कार्डातील सर्वांत निरुपयोगी शब्द "छान" हा होता. तो शब्द रंगाबद्दल काहीच सांगत नाही, आणि तो नेहमी चुकीच्या वेळी लिहिला जातो. धुतल्यानंतर ओले केस वाळल्यापेक्षा गडद दिसतात, ट्यूबलाइटखाली लाल झाक दबून जाते, आणि ग्राहक जायच्या घाईत असते. म्हणून परिणाम आम्ही केस पूर्ण वाळवून, खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात, शेड कार्डावरच्या केसांच्या गुच्छाशी ताडून लिहितो. पुढचा भाग, माथा, मानेकडचा भाग आणि टोके यांची पातळी आणि झाक वेगवेगळी लिहितो. "कपाळ ४, किंचित सोनेरी, कानशिलात पाच-सहा पांढरे झाकायचे राहिले, टोके ३" असा शेरा पुढच्या वेळी हातात काहीतरी देतो.

त्याहून महत्त्वाचा आहे दुसरा परिणाम, जो पुढच्या भेटीला नवा रंग लावण्याआधी लिहायचा असतो. मूळ किती सेंटिमीटर वाढले, मागच्या रंगाच्या पट्ट्यात पांढरे उघडे पडले का, झाक कोणत्या दिशेला सरकली. त्या दिवशी चांगला दिसलेला रंग पाच आठवड्यांनी कसा आहे यावरच मागच्या वेळेचा आणि मापाचा निकाल लागतो. आमच्या प्रकरणात वाईट ठरलेल्या तिन्ही भेटींचा पहिला शेरा "छान" असाच होता.

आता त्या बाईंच्या कार्डावर एका भेटीची नोंद अशी दिसते:

भेटीपूर्वी: मूळ १.५ सेंमी; मागच्या पट्ट्यात पांढरे दिसत नाहीत; टोके ३.
ठरवलेले: ४.० – ३० ग्रॅम, ५.३ – १० ग्रॅम, ६% – ६० ग्रॅम.
झालेले: ४.० – ३१, ५.३ – १०, ६% – ६१. उरले २१ ग्रॅम.
सुरुवात कपाळापासून १०.३०, संपले १०.४०, धुणे ११.१५.
कुठे: फक्त मुळे. पंखा, एसी बंद.
परिणाम, वाळल्यावर: कपाळ ४ सोनेरी, पांढरे झाकले, मान ४, टोके ३.

"ठरवलेले" आणि "झालेले" या दोन ओळी वेगळ्या ठेवण्याचा आग्रह मी फार धरते. एकच ओळ असली की हात ठरवलेलेच आकडे लिहितो, कारण ते गोल आणि नीटनेटके असतात. "झालेले" ही ओळ काट्यावरचा आकडा पाहून, मिश्रण करतानाच लिहायची. संध्याकाळी आठवून लिहिलेली नोंद ही नोंद नसते. हातमोजे घातलेले असताना फोनवर टाइप करणे जमत नाही, म्हणून आम्ही अजूनही जाड कागदाचे कार्ड आणि पेन्सिल वापरतो. पेन्सिल ओल्या हातानेही चालते आणि शाईसारखी फुटत नाही.

कार्ड नीट असूनही रंग बदलला तर

सर्व आकडे जुळले आणि तरीही परिणाम वेगळा आला, तर कारण बहुधा पार्लरबाहेर असते. आमच्याकडे बहुतेक वेळा ते मेहंदी निघते. "मेहंदी लावता का?" असे विचारले की उत्तर नकारार्थी येते, कारण ग्राहकाच्या मनात मेहंदी म्हणजे सणाला भिजवलेली हिरवी मेहंदी असते. पाकिटातली काळी पूड, सासूबाईंनी दिलेले तेल किंवा दोन भेटींच्या मध्ये कपाळाजवळच्या केसांना लावलेली रंगाची काडी त्यांना त्यात धरायची सुचत नाही. म्हणून प्रश्न असा विचारावा: "मागच्या वेळेपासून केसांना घरी काय काय लावले?" आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहावे. काही मिश्र पुड्यांमध्ये धातूंचे क्षार असतात आणि त्यांच्यावर पेरॉक्साइड पडले तर केस गरम होऊन तुटू शकतात. अशी शंका असेल तर कंगव्यात अडकलेली चार केसांची बट घेऊन तिच्यावर आधी चाचणी करावी, आणि ती तापली किंवा तिचा रंग विचित्र झाला, तर त्या दिवशी रंग लावू नये.

दुसरे कारण पाणी. घर बदलून बोअरच्या पाण्यावर गेलेल्या ग्राहकांच्या केसांवर क्षारांचा थर बसतो आणि रंग निस्तेज व असमान घेतला जातो. पत्ता बदलला का, एवढी एक ओळ भेटीच्या सुरुवातीला पुरते.

अॅलर्जीची चाचणी मात्र कार्ड कितीही जुने असले तरी टाळता येत नाही. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून ४८ तास वाट पाहिल्याची तारीख आणि निकाल कार्डाच्या पहिल्या ओळीत असावा, कारण वर्षानुवर्षे रंग लावणाऱ्या व्यक्तीलाही अचानक अॅलर्जी होऊ शकते. ज्यांनी काळी मेहंदी वापरली आहे त्यांच्याबाबत अधिक सावध राहावे. तिच्यात बहुधा रंगातलेच रसायन, पीपीडी, घातलेले असते.

आणि दोष शोधताना एका भेटीत एकच गोष्ट बदलावी. आम्ही या बाईंच्या बाबतीत पहिल्या भेटीत फक्त वेळ दुरुस्त केली, दुसरीत वजनकाटा आणला आणि तिसरीपासून लांबीवर रंग ओढणे बंद केले. पहिल्याच बदलानंतर पुढचे पांढरे केस पाच आठवडे झाकलेले राहिले, त्यामुळे मुख्य दोष वेळेचाच होता हे निश्चित कळले. तिन्ही बदल एकदम केले असते तर रंग सुधारला असता, पण कशामुळे ते समजले नसते, आणि तीच चूक शेजारच्या खुर्चीवर चालूच राहिली असती.